शब्द बदलले, लेखक तोच

प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये, आणि त्यांच्या काही मार्गदर्शकांमध्येही, एक मत आता इतके रुळले आहे की त्याला कोणी मत म्हणत नाही, नियमच समजतात. दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा घ्यावा, त्यातल्या शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालावेत, 'परंतु'चे 'पण' करावे, 'सरकारी'चे 'शासकीय' करावे, आणि उतारा आपला झाला असे मानावे. माझे म्हणणे असे आहे की ही कृती पुनर्कथन नव्हे. ती चोरी आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. आधी ती लेखन म्हणूनच फसते.

पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हे वादाच्या रीतीला धरून नाही, म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. त्याचे म्हणणे तीन अंगांचे आहे. पहिले, कल्पना आणि वस्तुस्थिती कोणाच्या मालकीच्या नसतात. लेखकाचे असतात ते शब्द, आणि शब्द बदलले की त्याचे जे होते ते त्याला परत केले. दुसरे, विद्यापीठ तपासते ते साम्याचे प्रमाण. अहवालात दहा टक्क्यांच्या आत आकडा आला की प्रबंध स्वीकारला जातो, म्हणजे नियमाचीही हीच अपेक्षा आहे. तिसरे, पदाला पर्याय देण्याची रीत आपल्याच परंपरेत आहे. संस्कृत टीकाकार दुसरे काय करत होते? अमरकोश पाठ करून घेत, तो कशासाठी? या तिन्ही मुद्द्यांत काही तथ्य आहे. म्हणूनच त्यांचा एकेक करून समाचार घ्यावा लागतो.

वादाला हाताशी काहीतरी ठोस हवे, म्हणून एक उतारा घेऊ. तो कोणाच्या पुस्तकातला नाही, या लेखासाठीच रचला आहे. त्यातली वस्तुस्थिती मात्र अभ्यासकांना परिचित आहे. ज्याँ द्रेझ यांनी या काळावर सविस्तर लिहिले आहे.

«१९७२-७३च्या अवर्षणात महाराष्ट्रातील धान्याचे उत्पादन कोसळले, परंतु भूकबळी मोठ्या प्रमाणावर पडले नाहीत. याचे कारण धान्याची मुबलकता हे नव्हते. सरकारी कामांवरील मजुरीमुळे भूमिहीनांच्या हाती पैसा आला, आणि त्यांच्या मागणीमागे धान्य अवर्षणग्रस्त तालुक्यांकडे वळले. तुटवडा धान्याचा होता. उपासमार टळली ती मजुरीने.»

आता याचेच रूढ पद्धतीने केलेले 'स्वतःच्या शब्दांतले' रूप पाहा.

«१९७२-७३च्या दुष्काळात महाराष्ट्रातील अन्नधान्याची निर्मिती ढासळली, पण उपासमारीचे मृत्यू मोठ्या संख्येने झाले नाहीत. याचा हेतू अन्नधान्याची विपुलता हा नव्हता. शासकीय कार्यांवरील वेतनामुळे शेतमजुरांच्या हातात धन आले, आणि त्यांच्या गरजेमागे अन्नधान्य दुष्काळग्रस्त भागांकडे वळले. अभाव अन्नधान्याचा होता. भूक टळली ती वेतनाने.»

मेहनत झाली आहे, हे मान्य. जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शब्द बदलला आहे. मूळ उताऱ्याशी शब्दशः जुळणारी लांब ओळ शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. पूर्वपक्षाच्या कसोटीवर हा उतारा उत्तीर्ण आहे. मग वाचकांनीच पंच व्हावे आणि या उताऱ्यात नेमके काय म्हटले आहे ते वाचावे.

'मागणी'च्या जागी 'गरज' आली आहे. शब्दकोशात हे शब्द शेजारी बसतील. अर्थशास्त्रात ते एकमेकांविरुद्ध उभे आहेत. मागणी म्हणजे खिशात पैसा असलेली गरज. पैसा नसलेल्या माणसाची गरज कितीही तीव्र असली तरी बाजाराला ती ऐकू येत नाही. अमर्त्य सेन यांच्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' (१९८१) या ग्रंथाचा गाभाच हा आहे की धान्य देशात असूनही ते विकत घेण्याचा किंवा मिळवण्याचा मार्ग ज्यांच्याकडे उरत नाही ती माणसे मरतात. १९४३च्या बंगालबद्दल त्यांनी हेच दाखवले. मूळ उताऱ्याचा युक्तिवाद याच तत्त्वावर उभा आहे: मजुरी मिळाली म्हणून गरजेची मागणी झाली, आणि मागणी झाली म्हणून धान्य आले. 'गरजेमागे अन्नधान्य वळले' असे लिहिले की युक्तिवाद उलटा होतो. गरजेमागे धान्य वळत असते तर सरकारी कामे काढण्याचे प्रयोजनच काय होते? एका शब्दाच्या अदलाबदलीने विद्यार्थ्याने लेखकाकडून नेमके तेच वदवून घेतले आहे, जे लेखक खोडून काढत होता.

'तुटवडा'चा 'अभाव' झाला, तोही असाच. तुटवडा म्हणजे कमी असणे, अभाव म्हणजे नसणे. धान्याचा अभाव असता तर मजुरीच्या पैशाने मजुरांनी काय विकत घेतले? पहिल्या शब्दात उताऱ्याचे तर्कशास्त्र तग धरते, दुसऱ्यात ते कोसळते. 'कारण' आणि 'हेतू' यांच्याबद्दल बोलायलाच नको. अवर्षणाला परिणाम असतात, हेतू नसतो.

आणि पहिलाच बदललेला शब्द? लोक 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात. मीही बोलताना तेच म्हणतो, आणि त्यात चूक नाही. पण या उताऱ्याच्या लेखकाने 'अवर्षण' मुद्दाम निवडला आहे. पाऊस पडला नाही ही एक घटना, लोक उपाशी मेले ही दुसरी. पहिलीतून दुसरी का घडली नाही, हाच त्याचा प्रश्न. दोन्हींना एकच नाव दिले की प्रश्नच पुसला जातो. हे शब्द अदलून-बदलून चालतात असे ज्यांना वाटते, त्यांनी महाराष्ट्र विधिमंडळाचे एक उदाहरण आठवावे. १९६३मध्ये या राज्याने एक अधिनियम करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढला आणि तिथे 'स्कॅरसिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. शब्द खरोखर समानार्थी असते तर त्यासाठी कायदा करण्याची खटपट कोणी केली असती? सरकारला ठाऊक होते की शब्द बदलला की त्याबरोबर बांधिलकीही बदलते. प्रबंधकाराला ते ठाऊक नसावे, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

'मजुरी'चे 'वेतन' आणि 'भूमिहीनां'चे 'शेतमजूर' हे बदल तुलनेने किरकोळ दिसतात. तरी दुष्काळी कामावर खडी फोडून मिळणारे पैसे आणि कारकुनाचा महिन्याचा पगार यांना एका शब्दात बसवणे कानाला तरी खटकायला हवे होते. आणि प्रत्येक भूमिहीन शेतमजूर नसतो. गावचा कारागीरही भूमिहीन असू शकतो.

इतक्या चुका एका उताऱ्यात मी मुद्दाम भरल्या, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा. त्यातली 'हेतू'ची चूक सोडून द्या, ती ढोबळ आहे. पण 'मागणी'चे 'गरज' आणि 'तुटवडा'चे 'अभाव' हे बदल कोणताही सर्वसामान्य पर्यायकोश सुचवील असेच आहेत. म्हणजे दोष निष्काळजीपणाचा नाही, पद्धतीचा आहे. पर्यायकोशाला विषय कळत नाही. तो शब्दाचे शेजारी सांगतो, कोणत्या वाक्यात कोणता शेजारी आग लावील हे सांगत नाही.

हे केवळ मराठीचे दुखणे नाही. गिलोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तीन संशोधकांनी २०२१मध्ये इंग्रजी विज्ञाननियतकालिकांतून असले नमुने गोळा करून त्यांना 'छळलेले शब्दप्रयोग' अशा अर्थाचे नाव दिले. शब्द आपोआप फिरवणाऱ्या प्रणालींनी तिथे 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चे 'काउंटरफीट कॉन्शसनेस' केले होते, म्हणजे खोटी जाणीव. 'ब्रेस्ट कॅन्सर'चे 'बुझम पेरिल' केले होते, म्हणजे उरावरचे संकट. हसू येते, पण हे छापून आले होते. आणि गंमत अशी की चोरी लपवण्यासाठी केलेला बदलच चोरीचा माग ठरला. कोणीही जाणकार स्वतःच्या हाताने असे शब्द लिहिणार नाही, म्हणून त्यांच्यावरूनच संशयित लेख शोधले जाऊ लागले.

आता दुसऱ्या बाजूकडे या. शब्द बदलले, पण काय राहिले? दोन्ही उतारे एकाखाली एक ठेवा आणि मूळ उताऱ्यातल्या प्रत्येक शब्दापासून खालच्या उताऱ्यातल्या त्याच्या बदलीपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढा. एकही रेघ दुसरीला छेदणार नाही. वाक्ये तेवढीच, क्रम तोच. आधी उत्पादन, मग मृत्यू, मग नाकारलेले कारण, मग खरे कारण, शेवटी समारोपाची दोन छोटी वाक्ये. स्वल्पविरामसुद्धा जागचे हलले नाहीत. 'टळली ती मजुरीने' ही लेखकाची खास लकब, क्रियापद आधी आणून कारणावर जोर देण्याची. तीही 'टळली ती वेतनाने' म्हणून जशीच्या तशी आली आहे. कोणती गोष्ट आधी सांगायची, कुठे नकार देऊन वाचकाला थांबवायचे, जोर कशावर द्यायचा, हे सगळे निर्णय मूळ लेखकाचे. लेखन म्हणजे हे निर्णयच नव्हेत काय?

पूर्वपक्षाचे पहिले अंग इथे ढासळते. तो म्हणतो, लेखकाचे असतात ते शब्द. मी विचारतो, 'परंतु' कोणत्या लेखकाचा? 'धान्य' कोणाचे? सुटे शब्द तर भाषेचे, म्हणजे सगळ्यांचे. लेखकाची असते ती मांडणी. पर्याय घालणारा मनुष्य लेखकाला जे परत करतो ते त्याचे नव्हतेच, आणि जे त्याचे होते ते स्वतःकडे ठेवतो.

याहून विपरीत गोष्ट अशी की पुनर्कथनात जे कायम ठेवायचे असते ते तो बदलतो आणि जे बदलायचे असते ते कायम ठेवतो. 'मागणी', 'अवर्षण', 'मजुरी' या संज्ञा आहेत. शास्त्रात संज्ञा बदलत नाहीत, आणि त्या तशाच वापरल्याबद्दल कोणीही बोट दाखवत नाही. बदलायला हवा होता तो क्रम आणि दृष्टिकोन.

दुसरे अंग टक्केवारीचे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे विनियम उघडून पाहावेत. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरे. दहा ते चाळीस टक्के साम्य असल्यास सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत देण्याची सोय आहे, त्यापुढे चाळीस ते साठ टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देण्यास मनाई, आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. पण याच विनियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्याही आहे, आणि ती टक्क्यांत दिलेली नाही. दुसऱ्याचे काम 'किंवा कल्पना' घेऊन ती आपली म्हणून मांडणे, असा तिचा आशय आहे. म्हणजे ज्या कल्पना कोणाच्याच नसतात असे पूर्वपक्ष म्हणतो, त्या नियमाने नावानिशी व्याख्येत घेतल्या आहेत. टक्केवारी हे तपासाचे साधन आहे, व्याख्या नव्हे. तापमापीचा पारा उतरवला म्हणून ताप उतरत नाही.

ही साधने मुख्यतः सलग शब्दांच्या साखळ्या जुळवून पाहतात. म्हणून दर चौथा-पाचवा शब्द बदलला की साखळी तुटते आणि आकडा खाली येतो. याचा अर्थ साधन फसले, एवढाच. लेखन सुधारले, असा त्याचा अर्थ कोणत्या न्यायाने काढायचा? उलटही घडते. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला मजकूर वगळला नाही तर प्रामाणिक प्रबंधाचा आकडा फुगतो. त्यासाठीच विनियमांनी अशी अवतरणे, संदर्भसूची, कायदे, रूढ संज्ञा हे सगळे तपासणीबाहेर ठेवायला सांगितले आहे. शिवाय सर्वसामान्य ज्ञानाचे आणि योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही वगळायचे आहे. संज्ञा तशीच ठेवली तर आकडा वाढेल, ही भीती त्यामुळे निराधार ठरते. विद्यार्थी नेमक्या त्याच भीतीपोटी 'मागणी'ची 'गरज' करतो.

तिसरे अंग परंपरेचे, आणि ते मला सर्वांत जवळचे असल्याने त्याचा दुरुपयोग सर्वाधिक खटकतो. संस्कृत व्याख्यानाची पाच अंगे सांगितली आहेत: पदच्छेद, पदार्थोक्ती, विग्रह, वाक्ययोजना आणि आक्षेपांचे समाधान. पदाला पर्याय देणे हे यातले फक्त दुसरे अंग. त्यानंतर समास सोडवावे लागतात, अन्वय लावावा लागतो, आणि शेवटी विरोधकाला उत्तर द्यावे लागते. पाच पायऱ्यांतल्या दुसरीवर थांबलेल्या माणसाला त्या काळी कोणी टीकाकार म्हटले असते काय? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, टीकेत मूळ श्लोक वर असतो आणि पर्याय त्याच्याखाली. वाचकाला दोन्ही दिसतात. कोणत्या पदाला कोणता पर्याय दिला, तो नीट बसतो की नाही, हे ताडून पाहता येते. पर्याय देणारा टीकाकार मूळ दाखवतो. पर्याय देणारा प्रबंधकार मूळ लपवतो. कृती एक दिसली तरी व्यवहार वेगळे आहेत. अमरकोशाचा आधार तर मुळीच मिळत नाही, कारण तो पाठ होत असे तो शब्दसंपदा कमवण्यासाठी, कोणाचा ग्रंथ आपल्या नावावर चढवण्यासाठी नव्हे.

एका गोष्टीत मात्र मी पूर्वपक्षाला सवलत देतो. रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकी अभ्यासिकेने १९९०च्या दशकाच्या आरंभी असल्या लेखनाला एक नाव दिले. मराठीत त्याला 'ठिगळलेखन' म्हणता येईल. शब्द गाळणे, व्याकरण थोडे फिरवणे, एकास एक पर्याय घालणे, हे सगळे त्यात येते. हॉवर्ड यांचे म्हणणे असे की नवख्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा गुन्हा मानू नये. अनोळखी विषयाची भाषा शिकताना सगळेच या टप्प्यातून जातात. मला हे पटते. मिगेल रोइग यांनी तर २००१मध्ये दाखवले की प्राध्यापकांनाही वाचायला अवघड उतारा पुनर्कथनासाठी दिला तर त्यांतले बरेच जण मूळचे तुकडे तसेच उचलतात. उतारा सोपा असला की हे प्रमाण घसरते. यातून रोगाचे निदान होते. माणूस शब्द बदलत बसतो तो बहुधा लबाडीने नव्हे, तर उतारा नीट कळलेला नसतो म्हणून. कळला नाही की वाक्याचा सांगाडा सोडायची हिंमत होत नाही. पण टप्पा म्हणून क्षम्य असलेली गोष्ट मुक्काम म्हणून स्वीकारायची काय? सरावाच्या वहीत ठिगळ चालेल. पदवीसाठी दिलेल्या प्रबंधात नाही.

मग खरे पुनर्कथन कसे असते? उतारा वाचून पुस्तक मिटायचे, आणि आपल्या प्रकरणाला त्यातले काय हवे आहे असे स्वतःला विचारायचे. समजा विद्यार्थ्याचे प्रकरण रोजगार हमी योजनेच्या मर्यादांवर आहे. तो लिहील:

«सरकारी कामांमुळे मजुरांना मागणी करता आली आणि बाजारातले धान्य त्यांच्याकडे वळले, बहात्तर-त्र्याहत्तरच्या अवर्षणात उपासमार टळल्याचे श्रेय अमुक लेखक म्हणूनच धान्यसाठ्याऐवजी मजुरीला देतात. ही मांडणी स्वीकारली तर एक प्रश्न उरतो: जे अंगमेहनतीच्या कामावर येऊच शकत नव्हते, त्या वृद्धांचे आणि आजाऱ्यांचे काय झाले?»

मूळच्या पाच वाक्यांचे एक झाले. क्रम उलटला: परिणाम शेवटी आला, यंत्रणा आधी. 'मागणी', 'अवर्षण', 'मजुरी' जशाच्या तशा आहेत. उत्पादन कोसळल्याचा तपशील गेला, कारण या प्रकरणाला तो नको होता. लेखकाचे म्हणणे कुठे संपते आणि विद्यार्थ्याचे कुठे सुरू होते, तेही दिसते. इथे रेघा ओढून पाहा, त्या एकमेकींत गुंततील. आणि एवढे करूनही लेखकाचे नाव व पृष्ठांक द्यावाच लागतो, कारण युक्तिवाद अजून त्याचाच आहे.

सगळीकडे असे करता येत नाही, हेही सांगायला हवे. रोजगार हमी योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला, हे वाक्य दहा जण लिहितील तर दहाही सारखीच होतील. त्याला कोणी चोरी म्हणत नाही आणि ते मुरडून लिहिण्यात काही हशील नाही. व्याख्या किंवा कायद्याचे कलम असेल तर सरळ अवतरणचिन्हांत द्यावे. लेखकाचे वाक्यच इतके नेमके असेल की हलवले की मोडते, तर तेही अवतरणातच शोभते.

राहिला शेवटचा बचाव, आणि तोच मला वारंवार ऐकू येतो: 'पण सर, खाली संदर्भ दिला आहे.' दिला आहे, ठीक. त्या संदर्भाने वाचकाला दोन गोष्टी कळतात. कल्पना अमुक लेखकाची आहे आणि, अवतरणचिन्हे नसल्यामुळे, वाक्यरचना विद्यार्थ्याची आहे. दुसरी गोष्ट खोटी आहे, हे रेघांनी दाखवले. पण पर्यायांच्या उताऱ्याखाली पहिलीही खोटी ठरते, याकडे कोणी पाहत नाही. त्या संदर्भामुळे 'गरजेमागे अन्नधान्य वळले' हे विधान लेखकाच्या नावावर नोंदले गेले. उद्या हा प्रबंध शोधगंगेवर चढेल. परवा दुसरा विद्यार्थी मूळ पुस्तक न उघडता तिथूनच तो संदर्भ उचलेल आणि लिहील की या लेखकाच्या मते बाजार भुकेल्यांच्या गरजेला धावून येतो. लेखकाने आपले अख्खे प्रकरण याच्याविरुद्ध लिहिले होते.